शिक्का मुलावर बसतो की बघणाऱ्यांच्या नजरेवर? बालगुन्हेगारी आणि लेबलिंग थिअरीवरचा निबंध लिहिताना

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना, आणि एम.ए.ला गुन्हेगारीशास्त्राचा पेपर असणाऱ्यांना हा प्रश्न शब्द बदलून हमखास येतो : 'सरकारी यंत्रणेने लावलेल्या लेबलचा बालगुन्हेगारांच्या पुढील आयुष्यावर होणारा परिणाम लेबलिंग थिअरीच्या आधारे स्पष्ट करा.' उत्तरंही बहुतेक एकाच साच्यातली असतात. मुलाला पोलिसांनी पकडलं, लोक त्याला गुन्हेगार म्हणू लागले, तोही स्वतःला गुन्हेगार समजू लागला आणि शेवटी खरोखरच गुन्हेगार झाला. मग बेकर, लेमर्ट यांची नावं, एखादी व्याख्या, आणि शेवटी 'समाजाने दृष्टिकोन बदलला पाहिजे'.

हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. त्यात सगळी घडामोड मुलाच्या मनात होते. पोलीस, शाळा, न्यायालय ही माणसं पहिल्या वाक्यात येतात, शिक्का मारतात आणि निघून जातात. प्रत्यक्षात ती कुठेही जात नाहीत. शिक्का मारल्यानंतर ती मुलाशी वेगळं वागू लागतात, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला चांगला पुरावा सांगतो की मुलाच्या पुढच्या आयुष्याचा बराच भाग या वेगळ्या वागण्यातून घडतो. या लेखात मला एवढाच मुद्दा नीट मांडायचा आहे, कारण तो धरला की निबंधाची रचना आपोआप बदलते.

थिअरी नेमकं काय म्हणते

इथे फार वेळ घालवत नाही, कारण हा भाग तुमच्या नोट्समध्ये असणारच. फ्रँक टॅननबॉम यांनी १९३८ साली एक साधं निरीक्षण मांडलं. मुलं खिडक्या फोडतात, छपरांवर चढतात, शाळा बुडवतात. मुलांच्या लेखी हा खेळ असतो, मोठ्यांच्या लेखी उपद्रव. हळूहळू 'हे कृत्य वाईट' यावरून गाडी 'हा मुलगा वाईट' यावर येते. या घसरणीकडे टॅननबॉम यांनी लक्ष वेधलं. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये तिचे दोन टप्पे वेगळे केले. पहिलं ते प्राथमिक विचलन : कुठल्याही कारणाने घडलेलं, विखुरलेलं, मुलाच्या ओळखीला धक्का न लावणारं गैरवर्तन. दुसरं ते दुय्यम विचलन : समाजाच्या प्रतिक्रियेला तोंड देताना, त्या प्रतिक्रियेतून मिळालेल्या भूमिकेभोवती उभं राहिलेलं गैरवर्तन. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन म्हटलं की विचलन हा कृत्याचा अंगभूत गुण नाही. नियम कोण करतं आणि कोणाला लावतं यावर ते ठरतं. एकदा शिक्का बसला की तो माणसाच्या बाकी सगळ्या ओळखींवर कुरघोडी करतो. मग तो मुलगा कोणाचा भाऊ, कोणत्या इयत्तेत, गोलंदाजी कशी करतो, हे सगळं मागे पडतं.

एक गोष्ट मात्र निबंधात स्पष्ट लिहा : ही थिअरी पहिला गुन्हा का घडला हे सांगत नाही. 'लेमर्ट प्राथमिक विचलनाचं कारण देत नाहीत' ही टीका अनेक जण थिअरीची मोठी उणीव म्हणून लिहितात. मला ती टीका फारशी पटत नाही. ताप कशाने आला हे सांगणं आणि औषधाची रिॲक्शन का आली हे सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. लेबलिंग थिअरी दुसरं काम करते. तुमचा प्रश्नही 'पुढील आयुष्या'बद्दलच आहे.

खरी अडचण : तो मुलगा तसाही बिघडलाच असता

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे ही थिअरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलेला पहिला प्रश्न होता, कंट्रोल ग्रुप कुठे आहे? समजा अटक झालेली शंभर मुलं आणि न झालेली शंभर मुलं घेतली, आणि पाच वर्षांनी पहिल्या गटात गुन्हे जास्त दिसले. यावरून अटकेमुळे गुन्हे वाढले असं म्हणता येईल का? नाही. कारण पोलीस चिठ्ठ्या टाकून अटक करत नाहीत. जी मुलं जास्त गुन्हे करतात, ज्यांच्या घरी लक्ष द्यायला कोणी नाही, ज्यांच्या वस्तीत गस्त जास्त आहे, तीच जास्त पकडली जातात. म्हणजे दोन्ही गट आधीपासूनच वेगळे होते. नंतरचा फरक अटकेचा की आधीच्या फरकाचा, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. याला निवडीचा दोष म्हणतात.

विल्यम चँब्लिस यांचा 'सेंट्स' आणि 'रफनेक्स' या दोन टोळक्यांवरचा १९७३ चा लेख जवळपास प्रत्येक उत्तरात येतो. एकाच शाळेतली दोन टोळकी, आठ मुलं चांगल्या घरातली, सहा गरीब घरातली. दोन्हीकडे उपद्व्याप भरपूर, पण पोलिसांचा ससेमिरा फक्त सहा जणांच्या मागे. लेख सुंदर आहे, जरूर वापरा. पण तो यंत्रणा कोणाकडे बघते आणि कोणाकडे नाही हे दाखवायला वापरा. शिक्क्यामुळे पुढचं आयुष्य बदललं याचा पुरावा म्हणून तो टिकत नाही, कारण त्या दोन टोळक्यांत शिक्क्याशिवाय पैसा, घर, गाडी, आईवडिलांची ओळख असे कितीतरी फरक होते. चौदा मुलांत ते वेगळे काढता येत नाहीत. उलट त्या गरीब मुलांपैकी दोघं खेळाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजला गेले आणि पुढे शिक्षक झाले, हेही त्याच लेखात आहे. म्हणजे शिक्का बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेने जातो असं चँब्लिस यांनाही दिसलं नाही.

शिकागोची पहिली अटक

आता ज्या अभ्यासावर निबंधाचा कणा उभा करता येईल त्याकडे येऊ. ॲकिवा लिबरमन, डेव्हिड कर्क आणि किडूक किम यांचा हा अभ्यास २०१४ साली 'क्रिमिनॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्यासाठी त्यांनी शिकागोतल्या एका मोठ्या प्रकल्पाची माहिती वापरली. त्या प्रकल्पात शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या मुलांच्या काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या होत्या. घर कसं, आईवडिलांची देखरेख किती, मित्र कोण, वस्ती कशी, स्वभाव किती उतावळा, आणि 'गेल्या वर्षभरात तू काय काय केलंस' हेही मुलांनाच विचारलं होतं. याला पोलिसांच्या अधिकृत अटकेच्या नोंदी जोडल्या गेल्या.

एकूण मुलं १,२४९. त्यांपैकी अभ्यासाच्या काळात ५८ जणांना आयुष्यात पहिल्यांदा अटक झाली. आता संशोधकांनी काय केलं बघा. त्यांनी प्रत्येक मुलासाठी, त्याच्या आधीच्या सगळ्या माहितीवरून, 'याला अटक होण्याची शक्यता किती' हा आकडा काढला. याला प्रॉपेन्सिटी स्कोअर म्हणतात. मग अटक झालेल्या प्रत्येक मुलासाठी अशी मुलं शोधली की ज्यांचा स्कोअर जवळपास तेवढाच होता, पण ज्यांना अटक झाली नव्हती. अशी जोडी ५८ पैकी ४३ जणांना मिळाली आणि त्यांच्यासमोर १२६ मुलं उभी राहिली. उरलेल्या १५ जणांसारखं, पण अटक न झालेलं, कोणी सापडलंच नाही, म्हणून त्यांना तुलनेतून वगळलं. हे वगळणं म्हणजे पळवाट नाही. ज्याची तुलनाच होऊ शकत नाही त्याच्याबद्दल निष्कर्ष काढायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता ४३ आणि १२६ हे दोन गट आधीच्या बाबतीत सारखे आहेत : घर, मित्र, वस्ती, आधीचं वर्तन. मोठा फरक एकच, अटक. पुढे काय झालं हे त्यांनी दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलं, आणि या अभ्यासाची खरी गंमत इथे आहे. पहिली पट्टी मुलांनी स्वतः सांगितलेलं गैरवर्तन. दुसरी पट्टी पोलिसांच्या नोंदीतली पुढची अटक.

दोन्ही वाढलेलं दिसलं. पण अटकेची वाढ गैरवर्तनाच्या वाढीपेक्षा बरीच मोठी होती. आणि मुलं जास्त गुन्हे करू लागली म्हणून जास्त पकडली गेली, असंही नव्हतं. पुन्हा अटक होण्यातली वाढ बहुतांशी गैरवर्तनातल्या वाढीपासून स्वतंत्र होती. म्हणजे एका शिक्क्याने दोन वेगळी चक्रं सुरू केली. एक मुलाच्या बाजूने : तो थोडा जास्त गैरवागू लागला. हे लेमर्ट यांचं दुय्यम विचलन. दुसरं यंत्रणेच्या बाजूने : तेच वर्तन असूनही तो जास्त पकडला जाऊ लागला. याला लेखकांनी दुय्यम दंडन अशा अर्थाचं नाव दिलं आहे.

हे रस्त्यावर कसं दिसत असेल याची कल्पना करा. चार मुलं कोपऱ्यावर उभी आहेत, गस्तीची गाडी थांबते. नावं विचारली जातात. तिघांच्या नावावर काही नाही, चौथ्याचं नाव नोंदीत आहे. तिघांना 'घरी जा' म्हणून सोडतात, चौथ्याला गाडीत बसवतात. चौघांनी केलं सारखंच, पण चौथ्याच्या खात्यावर आता दोन अटका झाल्या, आणि तिसऱ्या वेळी कोणालाही तो सराईत वाटणार. पुढे न्यायालयात फाइल उघडली की तीच नोंद 'सुधारण्याची शक्यता कमी' अशी वाचली जाते. या गोष्टीत चौथ्या मुलाने स्वतःला गुन्हेगार समजण्याची गरजच पडली नाही, हे लक्षात घ्या. (हा प्रसंग मी समजण्यासाठी रचला आहे, अभ्यासात आकडे आहेत, कोपरा नाही.)

या अभ्यासाची मर्यादाही लिहा. ४३ ही संख्या लहान आहे. आणि जुळणी ज्या गोष्टी मोजल्या त्यांच्यावरच होते. पोलिसासमोर मुलगा उर्मटपणे बोलला की मान खाली घालून उभा राहिला, हे कोणी मोजलेलं नसतं, आणि अटक अनेकदा त्यावरही ठरते.

मन की शाळेचं दार?

याच शिकागो प्रकल्पावर कर्क आणि रॉबर्ट सॅम्पसन यांचा २०१३ चा दुसरा अभ्यास आहे, शिक्षणावरचा. त्यातही बाकी सगळ्या बाबतीत सारखी असलेली मुलं निवडली. अटक झालेल्यांपैकी ७३ टक्के मुलांनी पुढे हायस्कूल अर्धवट सोडलं. अटक न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांनी. बावीस टक्क्यांची दरी. अर्थात ५१ हा आकडाही विसरू नका. त्या मुलांची परिस्थिती शिक्क्याआधीच बिकट होती, आणि शिक्क्याने तिच्यात भर घातली.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढे आहे. ही दरी कशामुळे पडली हे त्यांनी तपासलं. एक शक्यता मनाची : अटकेनंतर मुलाला शाळा नकोशी झाली, 'आपण काय शिकणार' असं वाटू लागलं, शाळेशी नातं तुटलं. दुसरी शक्यता संस्थेची : शाळेने त्याला वेगळं वागवलं, कोर्टाच्या तारखांमुळे वर्ग बुडाले, वर्षाची साखळी तुटली. पुरावा दुसऱ्या शक्यतेकडे झुकला. मुलाच्या आकांक्षा आणि भावना यांनी ती दरी फारशी स्पष्ट झाली नाही. संस्थांचा प्रतिसाद आणि शिक्षणात पडलेला खंड हेच जबाबदार दिसले.

आता सुरुवातीचं साचेबंद उत्तर पुन्हा आठवा. त्यात सगळं वजन 'तोही स्वतःला गुन्हेगार समजू लागला' या वाक्यावर आहे. या दोन अभ्यासांत तीच कडी सर्वांत कमजोर दिसते. स्वप्रतिमा बदलतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण शाळेचं दार आणि गस्तीच्या गाडीची नजर यांचं वजन मोजता येतं, आणि ते जास्त भरतं.

या साखळीत अजून एक कडी जोडायची असेल तर संगत घ्या. बर्नबर्ग, क्रोन आणि रिव्हेरा यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या मुलांवर केलेल्या २००६ च्या अभ्यासात बालन्याय यंत्रणेशी संबंध आल्यानंतर मुलं टोळीत आणि गैरवर्तन करणाऱ्या मित्रांत जास्त ओढली गेलेली दिसली, आणि पुढच्या गुन्ह्यांचा रस्ता बराचसा या संगतीतून जात होता. हेही घडतं कसं तर बाकीच्यांच्या वागण्यातून. सरळ घरातले आईबाप आपल्या मुलांना 'त्याच्याशी बोलू नकोस' म्हणतात, आणि बोलणारे उरतात ते तसेच.

चिठ्ठ्या टाकल्या तर?

'जुळणी कितीही केली तरी प्रयोग तो प्रयोग' असं परीक्षकाच्या मनात येऊ शकतं. सुदैवाने प्रयोगही झाले आहेत. माल्कम क्लाइन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पोलिसांनी पकडलेल्या मुलांना यदृच्छया चार मार्गांवर पाठवलं होतं. समज देऊन सोडण्यापासून बालन्यायालयात अर्ज दाखल करण्यापर्यंत, म्हणजे हलक्या शिक्क्यापासून जड शिक्क्यापर्यंत. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे गटांत फरक पडला आणि जड शिक्क्याच्या बाजूला पुन्हा अटक जास्त होती. पण मुलांना स्वतःला विचारलं तर त्यांनी सांगितलेल्या गैरवर्तनात लक्षणीय फरक नव्हता. २०१४ च्या शिकागो अभ्यासाची सावली तिथे २८ वर्षं आधीच पडलेली दिसते. अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घेतला : २९ प्रयोग, ७,३०४ मुलं. मुलाला औपचारिक प्रक्रियेतून नेल्याने गुन्हे कमी होतात असं त्यातून दिसलं नाही. एकूण कल उलटाच होता, विशेषतः प्रक्रियेऐवजी मदतसेवेकडे वळवलेल्या मुलांशी तुलना केली तेव्हा.

हा आढावा निबंधात वापरायचा तर तो धाकाच्या सिद्धांताला उत्तर म्हणून वापरा. 'पकडल्यावर मुलगा घाबरून सुधारतो' हे लेबलिंग थिअरीचं खरं प्रतिस्पर्धी म्हणणं आहे. त्याचा उल्लेख न करता लिहिलेला निबंध एकतर्फी वाटतो. काही मुलं घाबरून सुधारतही असतील. पण सगळ्यांची गोळाबेरीज धाकाच्या बाजूने जात नाही.

नाव मवाळ केलं तर?

इथून आपल्या कायद्याकडे यायचा मोह होतो, आणि यावंही, पण स्कॉटलंडमार्गे. तिथे १९७१ पासून बालगुन्हेगारांसाठी न्यायालयाऐवजी 'चिल्ड्रन्स हिअरिंग' आहे. सामान्य नागरिकांचं मंडळ, टेबलाभोवती बसून बोलणं, शिक्षेऐवजी कल्याणाची भाषा. लेबल लावायचं नाही असं ठरवून उभारलेली यंत्रणा यापेक्षा वेगळी काय असणार? लेझ्ली मकारा आणि सुझन मकव्ही यांनी एडिनबरातल्या सुमारे ४,३०० मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. २००७ च्या त्यांच्या लेखात हिअरिंगपर्यंत पोचलेल्या मुलांची, तशाच पण तिथे न पोचलेल्या मुलांशी जोडी लावली, तेव्हा पोचलेली मुलं गंभीर गैरवर्तनातून बाहेर पडण्यात मागे राहिली. यंत्रणेत जितकं खोल, तितकं बाहेर पडणं अवघड. आणि एकदा यंत्रणेच्या नजरेत आलेली तीच ती मुलं पुन्हा पुन्हा आत ओढली जात होती.

आता भारत. २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ३ मध्ये कलंक लावणारे शब्द न वापरण्याचं तत्त्व आहे. म्हणूनच मराठी बातम्यांत आणि पोलिसांच्या कागदांत 'विधी संघर्षग्रस्त बालक' हा लांबलचक शब्द दिसतो. पुष्कळ जण निबंधात इथेच थांबतात : बघा, आपल्या कायद्याने लेबल काढून टाकलं. एडिनबरा वाचल्यावर इथे थांबता येत नाही. शब्द बदलल्याने गस्तीच्या गाडीची स्मरणशक्ती बदलत नाही.

त्यापेक्षा जास्त कामाची कलमं दोन. कलम २४ म्हणतं की अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही, आणि ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट करण्याचा आदेश बाल न्याय मंडळाने द्यायचा. कलम ७४ मुलाची ओळख जाहीर करायला मनाई करतं, आणि चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ही नोंद उघड करू नये असंही सांगतं. ही दोन कलमं मुलाच्या मनाशी बोलत नाहीत. ती नोंद, दाखला, नोकरी यांच्याशी बोलतात. शिकागोच्या दुसऱ्या चक्रावर नेमका हात ती घालतात. पण त्यांना अपवाद आहेत. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या आणि निर्घृण अपराधात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरवलेल्या मुलाला कलम २४ चं हे संरक्षण नाही.

एक सावधगिरी. या कलमांचा उल्लेख 'म्हणून थिअरी सिद्ध होते' असा करू नका. कायद्यात तरतूद आहे याचा अर्थ कायदा करणाऱ्यांनी तो धोका मान्य केला, एवढाच. तरतुदीमुळे मुलांची आयुष्यं बदलली का, हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळा पुरावा लागतो. आणि कायदा फक्त सरकारी नोंद पुसतो. पोलिसांची गाडी घरासमोर उभी राहिलेली गल्लीने पाहिलेली असते, ती आठवण पुसायचं कलम नाही. निबंधात 'अधिकृत लेबल' हा शब्द असेल, तर हे दोन शिक्के वेगळे ठेवा.

परिच्छेद कसा दिसेल

एवढं सगळं निबंधात कोंबायचं नाही. एक अभ्यास पूर्ण उलगडून सांगितलेला, आठ नावांच्या यादीपेक्षा भारी पडतो. नमुन्यादाखल एक परिच्छेद देते. जसाच्या तसा उतरवू नका, त्यातली चाल बघा.

'लेबलिंग थिअरीनुसार अधिकृत शिक्का पुढील गुन्हेगारीला चालना देतो. मात्र ही वाढ मुलाच्या वर्तनातील बदलामुळे की यंत्रणेच्या बदललेल्या वागणुकीमुळे, हा प्रश्न पारंपरिक मांडणीत मागे राहतो. शिकागोतील २०१४ च्या अभ्यासात पहिली अटक झालेल्या ४३ मुलांची तुलना सर्व मोजलेल्या बाबतींत समान अशा १२६ मुलांशी केली असता, स्वतः सांगितलेले गैरवर्तन आणि पुन्हा अटक ही दोन्ही वाढलेली आढळली. परंतु अटकेतील वाढ अधिक होती आणि ती गैरवर्तनातील वाढीपासून बहुतांशी स्वतंत्र होती. नमुना लहान असल्याने आणि न मोजलेले फरक शिल्लक राहू शकत असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. तथापि यदृच्छ वाटपावर आधारलेल्या आधीच्या प्रयोगातही हाच आकृतिबंध दिसतो.'

सहा वाक्यं आहेत. पहिल्यात थिअरीचा दावा, दुसऱ्यात तिच्यातली फट, तिसऱ्या-चौथ्यात पुरावा, शेवटच्या दोन वाक्यांत त्या पुराव्याची कमजोरी आणि ताकद. कुठेही 'मुलगा गुन्हेगार बनतोच' असं नाही, 'शक्यता वाढते' एवढंच आहे. शिक्का बसलेली अनेक मुलं पुढे सरळ आयुष्य जगतात, आणि 'बनतोच' असं लिहिलं की एका उलट उदाहरणाने तुमचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

आणि तुमच्या हातात जेव्हा एखादा नवा अभ्यास येईल, तेव्हा निष्कर्षाचा भाग वाचण्याआधी 'पुन्हा गुन्हा' कसा मोजलाय ते शोधा. फक्त पोलिसांच्या नोंदीवरून मोजला असेल, तर त्या आकड्यात मुलगा किती आणि पोलीस किती हे वेगळं करता येणार नाही. तसं असेल तर ते निबंधात एका वाक्यात लिहून टाका आणि पुढे जा.